कडेला टेकलेला काटा

साल २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो.

शाळा चौथीपर्यंत. तीही पोलादपूरच्या वरच्या अंगाला, वाडीतून रोज तासभर चालत. पुढं शिकलो नाय, पण आकडा मला कधी घाबरवू शकला नाय. महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात मी एकतीस वर्षं बॉयलर आणि तेलभट्टी सांभाळली. तिथं भिंतीवर एक यंत्र असायचं. आत ताटाएवढा गोल कागद, त्यावर शाईचा काटा. कागद दिवसाला एक फेरा पुरा करी, आणि भट्टीचा ताप वाढला की काटा कडेकडे सरके, उतरला की मधे येई. रोज सकाळी सहाला जुना गोल काढायचा, नवा लावायचा. साहेब लोक डिग्र्या घेऊन आले आणि गेले, पण तो गोल वाचून भट्टीच्या पोटात काय चाललंय हे सांगणारा मी एकटा. हे मी बढाई म्हणून लिहीत नाय. पुढं जे झालं त्याच्यासाठी लिहितोय.

रिटायर झाल्यावर घरात बसवेना. बाजारपेठेत टायरच्या दुकानावर शेअरच्या दलालाचं एक ऑफिस आहे. दोन कॉम्प्युटर, चार खुर्च्या, एक पंखा. तिथं बसायला लागलो. ऑर्डर टाकायला एक पोरगी होती, बी.कॉम. झालेली, मला काका म्हणायची. माझ्या शेजारच्या खुर्चीत हायस्कुलातनं रिटायर झालेले गणिताचे गुरुजी बसायचे. ते मला 'बॉयलरवाले' म्हणत. त्यांच्या मोबाईलवर सगळे आलेख आयते येत. मी मात्र आलेखवहीत हाताने काढायचो. दिवसाची एक कांडी: खालचा भाव, वरचा भाव, उघडला कुठं, मिटला कुठं. वाढला तर हिरवी, पडला तर तांबडी. खाली त्या दिवशी किती शेअर हातोहात गेले तो आकडा, म्हणजे व्हॉल्यूम. आणि बाजूच्या रकान्यात कांडीची उंची, म्हणजे वरच्या भावातनं खालचा वजा. चौदा दिवसांच्या उंचीची सरासरी काढायची. सरासरी मोठी, म्हणजे शेअर धिंगाणा घालणारा, थोडाच घ्यायचा. सरासरी लहान, म्हणजे शेअर शहाणा, जास्त घेतला तरी चालतो. हा माझा नियम. पाच वर्षं या नियमानं मी खाल्लं, आणि कोणाला विचारायला गेलो नाय.

माझा धाकटा भाऊ मुंबईला एका गोदामात होता. तो गेला त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. त्याच्या फंडाचे सहा लाख भावजयीला मिळाले. ती कापडे गावाच्या वरच्या वाडीत एकटी राहते. भात लावते, दोन म्हशी. वाडीच्या माथ्यावर डोंगराला तडा गेलेला. पावसाळ्यात सरकारी माणसं येऊन सांगून जातात की खाली शाळेत झोपायला जा. म्हातारी-कोतारी गाठोडी घेऊन खाली उतरतात, ऊन पडलं की परत वर. खाली सपाटीला एकानं तिला दोन गुंठे द्यायचं कबूल केलं होतं, सात लाखाला. एक लाख कमी पडत होते. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाला.

"भावजी, येक लाखाचं काय ते बघाल?" तिनं विचारलं. तिला वाटलं असेल, मी कोणाकडं शब्द टाकीन.

"उसने कशाला गो? ते सहाच सात होतील. माझ्याकडं दे."

"जाणार नायत ना कुठं?"

"माझी वही बघितलीस का तू कधी?"

तिनं वही बघितलेली नव्हती आणि बघून तिला काही कळलंही नसतं. तिनं पैसे दिले. तिनं मागितलं नव्हतं, मीच म्हणालो होतो, हे आधी लिहून ठेवतो.

तेव्हा पंप बनवणारी एक छोटी कंपनी सगळ्यांच्या तोंडी होती. आमच्या ऑफिसातही पोरगी सोडून सगळे तिच्याबद्दल बोलत. रोज सकाळी बाजार उघडला की भाव पाच टक्के वर आणि तिथंच टाळं. शेअर बाजार प्रत्येक शेअरला एका दिवसात किती वर-खाली जायचं याची हद्द घालून देतो. कालच्या बंद भावापासून वर इतकं, खाली इतकं. याला लोक सर्किट म्हणतात. या शेअरला आधी वीस टक्क्यांची हद्द होती, मग दहाची केली, मग पाचाची. शेअर फार उधळला की हद्द आवळतात. वरची हद्द गाठली की घेणाऱ्यांची रांग लागते आणि देणारा कोणी नसतो. दिवसभर एकच भाव.

माझ्या वहीत त्याची कांडी नव्हती. नुसती आडवी रेघ. उघडला तिथंच मिटला, वर तोच, खाली तोच. दुसऱ्या दिवशी पाच टक्के वर आणखी एक रेघ. अकरा दिवस अकरा रेघा, जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशा, मधे नुसती मोकळी जागा. उंचीच्या रकान्यात अकरा शून्यं. त्याच्या आधीच्या तीन दिवसांची उंची मिळून सात रुपये. भागिले चौदा. सरासरी पन्नास पैसे.

एकशे चौदा रुपयांच्या शेअरला पन्नास पैसे! असा शहाणा शेअर मी पाच वर्षांत पाहिला नव्हता.

"बॉयलरवाले, हे चूक आहे," गुरुजी वहीत डोकावून म्हणाले. "उंची नुसती आजची धरायची नसते. कालचा बंद भाव आणि आजचा भाव यांच्यात जी उडी आहे तीपण धरायची. खरी हालचाल ती. माझा मोबाईल बघा, सरासरी चार रुपये दाखवतोय."

"उडी म्हणजे उंची नव्हे, गुरुजी. मी दारातनं आत आलो म्हणून माझी उंची वाढत नाय."

पोरगी हसली. गुरुजी नाय हसले.

"बरं, माझी चारची सरासरी घ्या. तीही मला पटत नाही. हद्द पाच टक्क्यांची आहे म्हणून चार आलेत. हद्द नसती तर हा एका दिवसात किती उडाला असता कोणास ठाऊक. ही पट्टी शेअरची नाही, हद्दीची आहे. वर्गात एका पोराची उंची मोजायला मी त्याला सहा फुटी दारात उभा केला आणि तो वाकून आत आला, तर तो सहा फुटी का?"

"तुमच्या वर्गात सगळे वाकूनच यायचे."

असं आमचं चाले. पण या खेपेला ते चिडले. वही त्यांनी आपल्या पुढ्यात ओढली आणि पेन्सिलीनं मांडून दाखवलं. सहा लाखांवर मी जास्तीत जास्त बारा हजारांचा घाटा सोसायचा ठरवला होता. सरासरीच्या दुप्पट खाली भाव गेला की विकून मोकळं व्हायचं. म्हणजे शेअर किती घ्यायचे, तर बारा हजार भागिले त्या दुपटीनं. त्यांच्या चार रुपयांनी ते पंधराशे शेअर निघत. माझ्या पन्नास पैशांनी बारा हजार. पैसेच तेवढे नव्हते. माझा नियम सांगत होता, सगळे लाव.

"ताई, यांना समजव जरा," गुरुजी पोरगीला म्हणाले.

"काका माझं ऐकतात होय?" ती म्हणाली. "काका, थोडेच घ्या ना. परवा त्या दुसऱ्या शेअरमध्ये लोक अडकले बघितलं ना तुम्ही."

"ते दुसरे लोक. टाक पाच हजार, वरच्या हद्दीला."

सकाळी नऊलाच ऑर्डर टाकावी लागते. एकाच भावाला हजारो उभे असतात, त्यात जो आधी आला त्याचा नंबर आधी. तिनं एकशे वीसला पाच हजार टाकले. दुपारी दोनपर्यंत एक शेअर मिळाला नाय. दोन वाजून गेले आणि एकदम पाचच्या पाच हजार मिळाले. त्या दिवशी व्हॉल्यूम आधीच्या दिवसांच्या कितीतरी पट होतं. भाव मात्र वरच्याच हद्दीवर टिकून राहिला.

मी मांडीवर थाप मारली. "बघा. नशीब."

गुरुजी म्हणाले, "एवढ्या लांबच्या रांगेत तुमचा नंबर लागला, म्हणजे कोणीतरी मोठा माणूस बाहेर पडला. तो का पडला हे विचारा."

मी नाय विचारलं.

पुढच्या दिवशी एकशे सव्वीस. त्याच्या पुढं एकशे बत्तीस रुपये तीस पैसे. सहा लाखांचे साडेसहाच्या वर झाले. दोन दिवस आणखी आणि सात. मी पेढे आणले. भावजयीला फोन लावला, "जमीनवाल्याला सांग, तयारीत राहा." ती म्हणाली, "पैसं हातात आल्यावर सांगन." मला राग आला.

त्या संध्याकाळी वही भरली. चौदाच्या चौदा दिवस आडव्या रेघा. सगळी शून्यं. सरासरी शून्य. नियमानं बघायचं तर सरासरीच्या दुप्पट खाली विकायचं, म्हणजे शून्य खाली, म्हणजे भावालाच. दुसऱ्या दिवशी पोरगीला सांगितलं, कालच्या भावाच्या पाच पैसे खाली विक्री लावून ठेव, भाव तिथं आला की आपोआप विकलं जाऊ दे. ती माझ्याकडं बघत राहिली. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांचं गप्प बसणं मला जिंकल्यासारखं वाटलं.

सव्वानऊला बाजार उघडला. शेअर एकशे पंचवीस सत्तरला उघडला. खालची हद्द. आणि तिथंच टाळं.

पाच पैसे खाली, दहा पैसे खाली, एक रुपया खाली असा कुठला भाव आलाच नाय. आदल्या दिवशी एकशे बत्तीस होता, आज एकदम एकशे पंचवीस. मधली जागा रिकामी. माझी ऑर्डर जागी झाली आणि विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. घेणारा कोणी नव्हता.

"काका, विकायला पावणेचार लाख शेअर उभे आहेत. घ्यायला शून्य," पोरगी म्हणाली.

मी खालचा आकडा बघितला. "विकले किती गेले?"

"अकराशे."

"बघ, फक्त अकराशे! विकणाराच नाय. लोक घट्ट धरून बसलेत."

"काका, विकणारा आहे, घेणारा नाहीये. म्हणून अकराशे."

"मागं हा वर जात होता तेव्हा पण व्हॉल्यूम असंच बारीक होतं. तेव्हा काय होतं? विकणारा नव्हता. मग आता तेच."

"तेव्हा वरचं टाळं होतं, काका. आता खालचं आहे."

गुरुजी आपला मोबाईल पुढं करत म्हणाले, "मलाही हा फसवतोय बघा. ही व्हॉल्यूमची रेघ. भाव वाढला की त्या दिवसाचे शेअर हिच्यात मिळवायचे, पडला की वजा करायचे. तुम्ही घेतलेत त्या दिवशी लाखो मिळवले गेले. आज अकराशे वजा. रेघ हललीसुद्धा नाही. कोणाला वाटेल, माल अजून घट्ट हातांत आहे. जे उभे आहेत आणि ज्यांना विकता येत नाही, ते हिच्यात येतच नाहीत. कॅन्सल करू नका. रांगेत राहा."

सगळ्यात मोठी चूक मी इथं केली. पोरगीला म्हणालो, "काढ ऑर्डर. मी घाबरट नाय."

"काका..."

"काढ म्हटलं ना."

तिनं काढली. मी वहीत तांबड्या शाईनं एक आडवी रेघ मारली आणि उंचीच्या रकान्यात शून्य लिहिलं. व्हॉल्यूमच्या रकान्यात अकराशे. शेजारी लिहिलं, 'विक्री नाही'. ते अक्षर अजून वहीत आहे.

पुढचे दिवस मी फार लिहीत नाय. एकशे एकोणीस पंचेचाळीस. एकशे तेरा पन्नास. चौथ्या दिवशी मी स्वतः, कोणी न सांगता, नऊच्या आधी ऑफिसात जाऊन बसलो आणि पाचच्या पाच हजार विकायला लावले. आता माझ्या पुढं रांगेत सहा लाख शेअर होते. एक शेअर गेला नाय. पाचवा दिवस, सहावा दिवस. ऑर्डर रोज संध्याकाळी मरते, रोज सकाळी नवीन लावावी लागते, आणि जे लोक कॉम्प्युटरवर बोट ठेवून नऊची वाट बघत असतात त्यांच्या मागं आपला नंबर. पोरगी माझ्यासाठी साडेआठला यायला लागली. ऑफिस साडेआठला उघडत नाय. तिनं मला हे सांगितलं नाय, खालच्या टायरवाल्यानं सांगितलं.

आठव्या दिवशी सत्त्याऐंशी पंच्याण्णव. त्याच संध्याकाळी बाजारानं हद्द पाचाची दोन टक्के केली.

गुरुजी मोबाईल बंद करून म्हणाले, "आता दिवसाला दोनच रुपये पडेल."

"म्हणजे बरं झालं."

"बरं? आधी दिवसाला सहा रुपये पडत होता, आता दोन. माझी सरासरीपण हळूहळू खाली येईल. पंधरा दिवसांनी कोणी हा आलेख बघेल, तर म्हणेल, शेअर शांत झाला. धोका तेवढाच आहे, दार बारीक झालंय. जो एका दिवसात सुटला असता त्याला आता महिना."

मी वहीत त्या दिवसाची तांबडी रेघ मारली.

पाडव्याला सहा दिवस होते तेव्हा भावजय महाडला आली. आठवडी बाजाराचा दिवस. पायात स्लीपर, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी चवळीच्या शेंगा. टायरच्या दुकानात विचारत विचारत ती वर आली. मी तिला कधी त्या ऑफिसात बघितलं नव्हतं. पोरगीनं उठून तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"जमीनवाला कालच येऊन ग्येला," ती म्हणाली. "मुंबैचा कोन तरी गिराईक हाय त्येच्याकडं. पाडव्याच्या पुढं थांबत नाय म्हंतो. पैसं कवा मिलतील, भावजी?"

"सोमवारी."

पोरगीनं कॉम्प्युटरकडं तोंड केलं. गुरुजी खिडकीतनं रस्ता बघायला लागले.

भावजयीनं पुढ्यातली वही उचलली. पानं उलटली. आधी हिरव्या रेघांचा जिना वर गेलेला, मग तांबड्या रेघांचा खाली आलेला.

"ह्या बाकीच्या पानावर काड्या हायत, वर शेंडी, खाली शेंडी. हितं नुसत्या रेघा का ओ?"

"बाजार शांत हाय," मी म्हणालो.

"शांत," ती म्हणाली. तिनं वही मिटली, दोन्ही हातांनी मला दिली. "मंग सोमवारी येतो मी." आणि पोरगीला म्हणाली, "शेंगा तुला पन घे गो थोड्या." शेंगा टेबलावर काढून ठेवून ती गेली.

मग पोरगी हळूच म्हणाली, "काका, सोमवारी नाही मिळणार."

"मला ठाऊक हाय."

"मग त्यांना का सांगितलं?"

मी चपला घातल्या.

घरी येऊन ओटीवर बसलो. दिवस कलला होता. वहीचं वेष्टण सुटलं होतं, भावजयीनं पानं उलटली तेव्हा निघालं असेल. ते नीट बसवायला म्हणून काढलं. वेष्टण म्हणजे कारखान्यातला जुना गोल कागद, दुमडून लावलेला. रिटायर होताना आठवण म्हणून मी पाच-सहा गोल आणले होते. उलगडला. आतल्या बाजूनं निळी रेघ मधून निघून कडेकडे गेलेली, मग अगदी शेवटच्या वर्तुळावर, कागदाच्या काठाला धरून, बराच वेळ सरळ गेलेली. मग एकदम मधे आलेली.

मला तो दिवस आठवला. नवा ऑपरेटर होता, डिप्लोमा झालेला, चांगला माणूस. मी पाळीवर आलो तर तो म्हणाला, "काका, दोन तास झाले, ताप एकदम स्थिर. रेघ बघा, केसभर हलली नाही." मी गोल बघितला. काटा दोनशेवर होता. तो कागद दोनशेपर्यंतचाच. मी त्याला जे बोललो ते सगळ्या कारखान्यानं ऐकलं होतं. "अरे, काटा थांबलाय, ताप नाय थांबला! काटा कडेला टेकलाय. पुढं कागदच नाय, तर तो जाणार कुठं?" धावत जाऊन इंधनाचा व्हॉल्व्ह बंद केला. भट्टीच्या पाईपाचा रंग करपून सोललेला. अर्धा तास आणखी गेला असता तर त्या शेडमध्ये कोणी राहिलं नसतं. साहेबांनी मला बोलावून चहा पाजला. मी तो गोल मागून घेतला. पुढं दहा वर्षं प्रत्येक नव्या माणसाला मी तो दाखवला. कडेला टेकलेली रेघ सरळ दिसते. सरळ दिसते म्हणून ती खरी नसते.

आणि त्याच कागदाचं वेष्टण घातलेल्या वहीत मी चौदा दिवस रेघा काढल्या. हद्दीला टेकलेल्या चौदा रेघा. प्रत्येकीपुढं शून्य लिहिलं. शून्य म्हणजे हालचाल नाय असं मी वाचलं. खरं तर शून्य म्हणजे मोजता आलं नाय. गुरुजी सांगत होते तेही तेच. मी बॉयलरवाला, मला ते शाळामास्तरानं सांगावं हे मला सोसलं नाय, म्हणून ऐकलं नाय. त्या ऑपरेटरला न कळणं क्षम्य होतं. त्याला कोणी गोल दाखवला नव्हता.

गोल परत दुमडला, पण वहीला लावला नाय. चवळीच्या चार शेंगा खिशात आल्या होत्या, त्या तिथंच ओटीवर ठेवल्या. जेवलो नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ऑफिसात गेलो. पोरगी आलेली होती. नऊ वाजता पाच हजार विकायला लावले, दोन टक्के खाली, चौऱ्याऐंशी पन्नासला. वहीत एक नवीन रकाना आखला: 'उभे'. म्हणजे घेता-विकता न आलेले, नुसते रांगेत उभे. तिला विचारलं, "किती?" ती म्हणाली, "सात लाख दहा हजार." तेवढं लिहिलं. बाजार उघडायची वाट बघितली नाय. वही काखेत घेतली, स्टँडवर जाऊन पोलादपूरची एसटी पकडली, तिथनं कापड्याची. एसटीत असताना पोरगीचा फोन आला. "लॉक, काका." मी बरं म्हणालो.

वाडी चढायला मला तास लागला. भावजय अंगणात होती. झोडलेल्या भाताची रास पडली होती आणि ती टोपलीनं पोत्यात भरत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"भावजी? सोमवार कुठं आला अजून?"

"सोमवारी पैसे मिळणार नायत," मी म्हणालो. उभ्यानंच म्हणालो. "पैसे अडकलेत. बाजार शांत नाय. मी खोटं बोललो. गुरुजी नको म्हणत होते, पोरगी नको म्हणत होती, मी सगळे लावले. सुटायची एक संधी होती, तीपण मीच घालवली. जमीनवाल्याला सांगून टाक."

तिनं टोपली खाली ठेवली. वर डोंगराच्या अंगाला बघितलं, मग माझ्याकडं.

"किती राह्यले?"

"आज सुटले तर सव्वाचार लाख. पण आज सुटत नायत."

"मंग कवा सुटतील?"

एकाहत्तर वर्षांत मी हे वाक्य कोणाला म्हणालो असेन असं मला आठवत नाय. "मला नाय ठाऊक," मी म्हणालो.

ती रडली नाय, मला बोललीही नाय. बोलली असती तर बरं झालं असतं. मग तिनं टोपली उचलली, भातात खुपसली.

"पोत्याचं तोंड धरा," ती म्हणाली. "येकटीला धरता येत नाय."

मी वही जोत्यावर ठेवली आणि पोत्याचं तोंड धरलं.